अठ्ठावीसनंतर ब्याण्णव

दृश्य : टेबलावर वाकडीतिकडी वळवलेली तांब्याची तार, तिच्यात ओवलेली कडी, शेजारी आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले. आकडा ६०.

निवेदन : शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हा खेळ अनेकांनी पाहिला असेल. तारेला स्पर्श होऊ न देता कडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायची, स्पर्श झाला की बझर वाजतो, आणि हे सगळे साठ सेकंदांत उरकायचे. उरलेला वेळ डिस्प्लेवर उलटा मोजला जातो. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

दृश्य : डिस्प्ले जवळून. ३०. २९. २८. आणि मग ९२.

निवेदन : अठ्ठावीसनंतर सत्तावीस यायला हवे होते, आले ब्याण्णव. तारेचा एखादा जोड सैल असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला, तरी हा प्रकार खेळ सुरू झाल्यावर त्याच क्षणी, तेहतिसाव्या सेकंदाला घडतो. सैल जोड इतका वक्तशीर नसतो. दोष प्रोग्राममध्ये आहे, आणि तो या तीन ओळींत सापडतो.

```
int elapsed = millis() - start;
int remaining = 60 - elapsed / 1000;
if (elapsed > 60000) gameOver();
```

निवेदन : बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद उलटले, हे `millis()` सांगते. त्यातून खेळ सुरू झाल्याची वेळ वजा केली की सरलेला वेळ मिळतो, आणि तो `elapsed` नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला जातो. घोळ आहे तो या नावाआधीच्या `int` या छोट्या शब्दात. उनोवर `int` म्हणजे सोळा बिट, म्हणजे शून्य किंवा एक ठेवण्याच्या सोळा जागा. उजवीकडून पहिल्या जागेची किंमत एक, दुसरीची दोन, तिसरीची चार, अशी ती दुपटीने वाढत जाते. सर्वांत डावीकडच्या सोळाव्या जागेची किंमत मात्र ऋण धरलेली असते, उणे ३२,७६८. ऋण संख्या लिहिण्यासाठी वेगळी खूण न ठेवता हीच एक जागा त्या कामी लावलेली आहे.

दृश्य : सोळा चौकटी. डावीकडची ०, बाकी पंधरा १.

निवेदन : उजवीकडच्या पंधराही जागा भरल्या की बेरीज होते ३२,७६७. आता आणखी एक मिळवू या. नव्व्याण्णवमध्ये एक मिळवताना जसा हातचा पुढे सरकत जातो, तसाच येथेही सरकतो. पंधरा जागा एकामागून एक रिकाम्या होतात आणि हातचा शेवटच्या, ऋण किमतीच्या जागेत जाऊन बसतो. संख्या झाली उणे ३२,७६८. यंत्राने बेरीज बरोबरच केली आहे, पण उत्तर मावेल एवढी जागा त्याला दिलेली नव्हती.

आता डिस्प्लेवरच्या आकड्याचा उलगडा होतो. `elapsed` ३२,७६७ असताना त्याला हजाराने भागल्यावर पूर्णांक येतो ३२, आणि साठातून बत्तीस गेले की उरतात अठ्ठावीस. पुढच्या मिलिसेकंदाला तेच व्हेरिएबल उणे ३२,७६८ होते, भागाकार येतो उणे बत्तीस, आणि साठातून उणे बत्तीस वजा करणे म्हणजे बत्तीस मिळवणे. म्हणून ब्याण्णव.

तेथून आकडा पुन्हा उतरू लागतो. साठाशी पोचल्यावर तो एक नव्हे, तर जवळजवळ दोन सेकंद तेथेच थांबतो. घाईत हे लक्षातही येणार नाही, पण या रोगाचे ते सर्वांत खात्रीचे लक्षण आहे. पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक शून्याच्या दिशेने कापला जातो, त्यामुळे उणे ९९९ पासून अधिक ९९९ पर्यंतच्या सर्व संख्यांना हजाराने भागले की उत्तर शून्यच येते. आकडा साठावर रेंगाळताना दिसला, तर मोजणी नुकतीच ऋण बाजूने शून्य ओलांडून आली आहे, असे निःशंकपणे समजावे.

आणि हा खेळ संपतही नाही. तिसऱ्या ओळीतील अट `elapsed` साठ हजारांच्या वर जाण्याची वाट पाहते, पण ते ३२,७६७ च्या वर कधी जाणारच नाही. डिस्प्ले अठ्ठावीसवरून ब्याण्णव, ब्याण्णववरून अठ्ठावीस असा फिरत राहतो आणि खेळणाऱ्याला जन्मभराची मुदत मिळते.

गुणांचे गणितही याच वाटेने जाते. प्रत्येक फेरीला शंभर गुण मिळत असतील, तर ३२,७०० नंतरचा गुणफलक ३२,८०० ऐवजी उणे ३२,७३६ दाखवील, आणि उच्चांकाशी तुलना करणारा प्रोग्राम सर्वांत चांगल्या खेळाडूची नोंद गुपचूप नाकारील.

दृश्य : विमानतळावर उभे असलेले बोइंग ७८७.

निवेदन : जागा मोठी केली की प्रश्न मिटतो का? २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, म्हणजे एफएएने, बोइंग ७८७ विमानांसाठी एक आदेश काढला. या विमानाच्या जनरेटरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या उपकरणांमधील सॉफ्टवेअरचा एक काउंटर, वीजपुरवठा सलग २४८ दिवस सुरू राहिल्यास भरून वाहील, असे त्यात म्हटले होते. चारही मुख्य जनरेटरांची नियंत्रणे एकाच वेळी सुरू केलेली असतील, तर तीही एकाच वेळी सुरक्षित स्थितीत जाऊन बंद पडतील आणि विमानाचा एसी वीजपुरवठा थांबेल. त्यावर तातडीचा उपाय ठरला तो ठरावीक मुदतीने वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा, अगदी आपण मोबाइल बंद करून सुरू करतो तसा.

२४८ हा आकडा कोठून आला असावा, याचे गणित कागदावर करता येते. बत्तीस बिटांच्या, ऋण बाजू असलेल्या संख्येची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेले, तर तेथे पोचायला २४८ दिवस आणि सुमारे सव्वातेरा तास लागतात. आमची तार तेहतिसाव्या सेकंदाला दगा देते. बत्तीस बिटांच्या काउंटरला तेच करायला आठ महिने लागतात, आणि आठ महिने सलग चाचणी घेण्याची वेळ क्वचितच कोणावर येते.

दृश्य : पुन्हा टेबल. प्रोग्राममध्ये दुरुस्ती होत आहे.

```
unsigned long elapsed = millis() - start;
if (elapsed > 60000UL) gameOver();
```

निवेदन : `unsigned long` मध्ये बत्तीस बिट असतात आणि ऋण बाजू नसते. `millis()` स्वतःही याच प्रकारची संख्या देते. साठ हजार ही संख्याही याच प्रकारची धरावी, असे सांगणारे शेवटचे `UL` काही जणांना अनावश्यक वाटते. येथे ते नसते तरी चालले असते, पण साठ हजारांऐवजी `60 * 1000` लिहिले, तर उनो तो गुणाकार सोळा बिटांतच करू पाहतो आणि हाती साधारणपणे उणे ५,५३६ येते. म्हणून ही सवय लावून घेतलेली बरी.

तरीही सुमारे ४९.७ दिवसांनी `millis()` शून्यावर येतेच. समजा, खेळ ४,२९,४९,६७,००० या क्षणी सुरू झाला. २९६ मिलिसेकंदांनी मोजणी शून्यावर गेली आणि आता ती ४,७०४ दाखवत आहे. अट `millis() > start + 60000UL` अशी लिहिली असती, तर उजवीकडची बेरीजच उलटून ५९,७०४ झाली असती आणि पहिल्याच क्षणी खेळ संपला असता. आपण मात्र वजाबाकी केली आहे. ४,७०४ मधून ती प्रचंड संख्या वजा करताना उत्तर शून्याखाली जाते, पण ऋण बाजूच नसल्यामुळे तेही पूर्ण फेरी मारून येते, आणि दोन्ही फेऱ्या एकमेकींना फेडतात. २९६ अधिक ४,७०४, बरोबर पाच हजार.

दृश्य : डिस्प्ले जवळून. ५५.