काजळ पाठवणीपर्यंत टिकवताना

मैत्रिणींनो, नवरीचं काजळ पसरलं की आपण म्हणतो, रडून वाहून गेलं. पण वॉटरप्रूफ काजळ नुसत्या पाण्याने सहसा हलत नाही. त्यात मेण आणि तेल असतं, म्हणून ते सैल होतं तेलाने. सकाळचं मॉइश्चरायझर, पापणीचा तेलकटपणा, वर घाम, आणि शेवटी रुमालाने चोळणं. म्हणून आपलं निम्मं काम काजळाची पेन्सिल उघडण्याआधीच होतं.

मे महिन्यातलं लग्न धरा. मुहूर्त साडेबाराचा, पाठवणी पाचला. मध्ये लाजाहोमाचा धूर, म्हणजे डोळ्यांत पहिलं पाणी तिथेच येणार.

पापणीवर क्रीम लावलं असेल तर आधी टिश्यूने टिपून घ्या. मग तांदळाच्या दाण्याएवढा प्राइमर दोन्ही पापण्यांना पुरवा. जास्त झाला की तो घडीत जमतो आणि दुपारी तिथे आयशॅडोला रेघ पडते. त्यावर पावडरचा अगदी पातळ हात. जेल लायनर ओढलात की नवरीला मिनिटभर खाली बघायला सांगा. लगेच वर बघितलं तर छाप पापणीवर उठते. वाळल्यावर बारीक ब्रशने त्याच रेघेवर काळी आयशॅडो दाबून बसवा, घासू नका. ही पावडर वर येणारं तेल शोषून घेते. आता स्वच्छ बोट रेघेवर हलकेच टेकवा. बोट काळं झालं तर अजून एकदा पावडर दाबा.

खालच्या पापणीची आतली ओली कड मात्र मी रिकामीच ठेवते. पाणी साठतं तेच तिथे, आणि तेलग्रंथींची तोंडंही त्याच कडेला असतात. नवरीने हट्ट धरलाच तर काजळ बाहेरून, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी लावा आणि तेही पावडरने बसवा.

मस्कारा फक्त वरच्या केसांना. पापण्या तेलकट असतील तर ट्यूबिंग मस्कारा घ्या. तो तेलाने विरघळत नाही, पण कोमट पाणी आणि चोळण्याने सुटतो. डोळे चोळत हुंदके देणारी मुलगी असेल तर साधा वॉटरप्रूफच बरा. सेटिंग स्प्रे सगळ्यात शेवटी, डोळे मिटून, हातभर अंतरावरून, आणि पूर्ण वाळेपर्यंत डोळे मिटलेलेच. खालचा थर तेलकट राहिला असेल तर तो स्प्रेही सावरत नाही.

पाठराखणीला मात्र एक गोष्ट शिकवून ठेवा. टिश्यूची घडी करायची, तिचं टोक खालच्या पापणीच्या कडेला नुसतं टेकवायचं. पाणी आपोआप ओढलं जातं. गालावर आलेला थेंब दाबून टिपायचा, खाली ओढायचा नाही.

रात्री काढताना लेन्स असतील तर त्या आधी काढायच्या. मग तेलयुक्त रिमूव्हरचा कापूस मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवायचा, आणि मगच हलक्या हाताने खाली उतरवायचा.