सोन्याचा भाव वाढला की दगडच 'सोनं' का होतो? ग्रेड आणि कटऑफचं गणित

सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं एक प्रश्न हमखास निघतोय, की अहो कर्नाटकात एवढं सोनं आहे म्हणतात, मग आता भाव एवढा आहे तर जुन्या खाणी सगळ्या चालू का होत नाहीत? आणि काहींना तर वाटतंय आपल्या शेताखालीच असेल. निपाणी-चिक्कोडीकडच्यांनी ती आशा सोडा, तिकडं खाली डेक्कन ट्रॅपचा काळा बेसाल्ट आहे. कर्नाटकातलं सोनं त्याच्याहून कितीतरी जुन्या धारवाडी खडकात सापडतं.

आता मूळ गोष्ट. खाणीत सोन्याचे गोळे नसतात, दगड असतो, आणि त्या दगडाच्या एका टनात किती ग्रॅम सोनं आहे त्याला ग्रेड म्हणतात. आपल्याकडं ऊस आहे म्हणून सांगतो, ग्रेड म्हणजे उसाचा साखर उतारा समजा, फक्त साखरेचा उतारा शंभरात दहा-अकरा असतो आणि इथं टनाला एक ग्रॅम म्हणजे दहा लाखात एक, एवढाच फरक!

कटऑफ ग्रेड म्हणजे काय, तर ज्या ग्रेडला दगड काढून, दळून, सायनाइडमधून सोनं बाहेर काढायचा खर्च आणि त्या सोन्याचे पैसे बरोबर जुळतात ती रेघ. रेघेच्या वर ते ओअर, खाली ते वेस्ट. दगड तोच असतो बरं का, रेघ सरकते.

एक काल्पनिक खाण घेऊ, आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी ठरवलेत. सगळा मिळून खर्च टनाला ४,३०० रुपये. दगडातल्या सोन्यापैकी ९० टक्के हाताला लागतं. रॉयल्टी आपल्या देशात ४ टक्के, आणि ती दगडात असलेल्या सोन्यावर लागते, निघालेल्या नव्हे, हे लक्षात ठेवा. म्हणजे दगडातल्या प्रत्येक ग्रॅममागं खाणीच्या हातात भावाच्या ८६ टक्के राहतात.

कटऑफ = टनाचा खर्च ÷ (ग्रॅमचा भाव × ०.८६)

२०२१-२२ च्या सुमाराला भाव ग्रॅमला ५,००० च्या आसपास होता, त्याचे ८६ टक्के ४,३००, म्हणजे कटऑफ बरोबर १ ग्रॅम. २०२५ मध्ये भाव १०,००० च्या वर गेला, १०,००० नं हिशेब केला तर ८,६०० आणि कटऑफ अर्धा ग्रॅम. खाणीत एक खडा हलला नाही पण काल जो कचरा होता तो आज माल झाला.

पण हा पूर्ण खर्चाचा कटऑफ झाला. समजा ओपन पिट, म्हणजे वरून उघडी खोदलेली खाण आहे, चांगल्या शिरेपर्यंत जायला वरचा कमी सोन्याचा हलका दगड तसाही उचलायलाच लागतो, तो डंपरमध्ये भरून वर आलाय. आता ड्रायव्हर डावीकडं वेस्टच्या ढिगावर जाईल का उजवीकडं मिलकडं? त्या क्षणी काढायचा खर्च होऊन गेलेला असतो, फक्त दळायचा आणि सोनं काढायचा खर्च बघायचा. तो निम्मा, २,१५० धरला तर कटऑफ पाव ग्रॅमवर येतो. आत पाव ग्रॅम खणायला कुणी जाणार नाही, पण वर आलेला पाव ग्रॅम टाकूनही देणार नाही.

केजीएफची गंमत इथंच आहे. खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेलेली, पाणी उपसा, गार हवा खाली ढकला, माल वर ओढा, सगळं महाग, आणि सोनं तेव्हा औंसाला ३०० डॉलरच्याही खाली, शेवटी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. पण गावात जे सायनाइड डंपांचे, म्हणजे सोनं काढून उरलेल्या चुऱ्याचे डोंगर उभे आहेत, त्यात टनाला एक ग्रॅमपेक्षाही कमी सोनं असूनही चर्चा त्यांचीच चालते. कारण तो माल आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातच वर काढून दळून ठेवलाय. खाली अजून चांगला दगड असला तरी तिथवर पोचायचाच खर्च मारतो.

आता ज्यात बरेच जण गंडतात ते. आपल्या खाणीत समजा २ ग्रॅमच्या वरचा दगड ५ लाख टन आहे, सरासरी ३ ग्रॅम. १ ते २ मधला १० लाख टन, सरासरी १.४. अर्धा ते १ मधला २० लाख टन, सरासरी ०.७. हलका माल नेहमीच जास्त असतो, हे बहुतेक सगळीकडं असंच. कटऑफ १ असताना ओअर १५ लाख टन, त्यात २.९ टन सोनं. कटऑफ अर्धा झाला की ओअर ३५ लाख टन, सोनं ४.३ टन. दगड दुपटीच्या वर, सोनं मात्र दीडपट, आणि सरासरी ग्रेड १.९ वरून १.२ वर घसरली. शहापुरात घ्याल त्या पाच ग्रॅमच्या अंगठीला असा साडेचार टन दगड दळावा लागतो.

आणि मिल तर तीच आहे की! वर्षाला २ लाख टनच दळते. आधी तिच्यातून साधारण ३५० किलो निघायचं, आता सगळा मिक्स माल घातला तर २२० किलो. भाव वाढला आणि उत्पादन घटलं, खाणीचं आयुष्य मात्र साडेसात वर्षांवरून साडेसतरावर गेलं. हे कागदावरचं नाही, दक्षिण आफ्रिकेत १९७० मध्ये सुमारे १,००० टन सोनं निघालं, पुढच्या दहा वर्षांत भाव ३५ डॉलरवरून शेकड्यांत गेला आणि १९८० चं उत्पादन पावणेसातशे टनांच्या आसपास. हलका दगड परवडायला लागला तसा तिथं तोच जास्त दळला गेला, हे त्यातलं मोठं कारण.

अजून एक, ते ९० टक्के मी सगळीकडं एकसारखं धरलं ना, ते खरं नसतं. दळून धुवून झाल्यावर जो चिखल बाहेर पडतो त्यात टनाला थोडं सोनं राहतंच, समजा ०.२ ग्रॅम. २ ग्रॅमच्या दगडाला ०.२ गेलं म्हणजे १० टक्के गेलं, चालतंय. पण ०.६५ च्या दगडाला तेच ०.२ गेलं की ३० टक्के गेलं. मग रॉयल्टी वजा जाता हातात ८६ नव्हे ६६ टक्के, आणि कटऑफ अर्ध्यावर न थांबता ०.६५ वर जाऊन बसतो. त्यात भाव वाढला की डिझेल, सायनाइड, मिलचे लोखंडी गोळे, पगार हेही बऱ्याचदा वर सरकतात, खर्च ५,००० झाला तर रेघ पाऊण ग्रॅमवर. म्हणून आजच्या भावावर मिल बांधायला कुणी शहाणा बसत नाही, बऱ्यापैकी खालचा भाव धरून हिशेब करतात, कारण मिल उभी राहीपर्यंत काही वर्षं जातात.

तेव्हा बातमीत 'अमुक टन सोनं सापडलं' असं आलं की बघायचं, कुठल्या कटऑफला आणि कुठला भाव धरून. ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा माझ्या मते निव्वळ हेडलाइन.

आणि काही ठिकाणी हा हिशेबच लागू होत नाही. आपल्यापासून हुबळीच्या पुढं गदगचा कप्पतगुड्डा घ्या, ब्रिटिशांच्या वेळी त्या भागात सोन्याच्या खाणी चालल्या होत्या, पण २०१९ मध्ये त्या डोंगररांगेतलं जंगल वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. आता त्याच्या आतल्या दगडाला भाव १०,००० असो नाहीतर २०,०००, कटऑफ काढत बसण्यात अर्थ नाही.