बीमच्या डोक्यावर स्लॅब उलटा वाकतो

(दृश्य: कळंब्याकडचं बांधकाम. प्लायवर बांधलेली सळ्यांची जाळी.)

कोल्हापुरात मे महिना लागला की स्लॅबची घाई सुरू होते. पावसाच्या आत छत पडलंच पाहिजे, असा घरमालकाचा हट्ट. या बंगल्यावर जाळी बांधून झालीय, उद्या काँक्रीट. दोन खोल्यांवरून सलग जाणारा एकच स्लॅब, १२५ मिलिमीटर जाडीचा. प्रत्येक गाळा, म्हणजे दोन आधारांमधला भाग, ३.६ मीटरचा आणि दोन्हींच्या मध्ये एक बीम.

सळ्या सगळीकडे तळाला, कव्हर ब्लॉकवर. मधल्या बीमवर मात्र वरच्या अंगालाही सळ्यांची एक रांग दिसते. आमच्या कॅमेरामननं विचारलंच, "मामा, ह्या वर कशाला?"

फिटरमामा तार पिळता पिळता म्हणाले, "बीमवर वाक उलटा येतोय न्हवं! खालची सळी तिथं काय कामाची?"

(दृश्य: तीन विटांवर ठेवलेली फोमची पट्टी. तिच्या कडेवर पेनानं मारलेल्या उभ्या रेघा.)

गादीच्या फोमची ही पट्टी. दोन्ही गाळे हातानं दाबले, की गाळ्याच्या मध्यावर रेघा खालच्या बाजूला फाकतात. आता मधल्या विटेकडे बघा. तिथं त्या वर फाकल्यात आणि खाली एकमेकींना चिकटल्यात.

हीच पट्टी मधल्या विटेवर कापली तर? दोन्ही तुकडे आपापल्या गाळ्यात झुकतील, आणि विटेवर वरच्या बाजूला फट उघडेल. सलग पट्टीत ती फट उघडू पाहते, पण वरचा थर तिला ओढून धरतो. ती ओढ म्हणजेच ताण. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताणाला मात्र लवकर तडकतं. म्हणून जिथं ओढ, तिथं सळी.

बहुतेकांना वाटतं, सगळ्यात जास्त जोर खोलीच्या मध्यावर येतो. या स्लॅबवर तसं नाही. स्वतःचं वजन, फरशी आणि माणसांचा वावर मिळून येणारा भार सुरक्षिततेसाठी दीडपट धरला, तर चौरस मीटरला साधारण ९.२ किलोन्यूटन होतो. दोन्ही गाळ्यांवर तो सारखा असेल, तर मीटरभर रुंदीच्या पट्ट्यात मधल्या बीमवरचा वाकवणारा जोर येतो सुमारे १४.९ किलोन्यूटन-मीटर. गाळ्यात तो जास्तीत जास्त ८.४. म्हणजे डोळ्याला भक्कम दिसणाऱ्या बीमवरच स्लॅबची खरी परीक्षा असते.

बीमपासून पाव गाळा, म्हणजे ०.९ मीटर दूर गेलं की हा जोर शून्य होतो आणि तिथून पुढं ताण खालच्या अंगाला जातो. पण वरची सळी नेमकी तिथंच तोडत नाहीत. तिला धरून राहायला पुढं लांबी लागते, आणि भार कमीजास्त झाला की ती शून्याची जागाही सरकते. म्हणून इथं बीमच्या कडेपासून दोन्ही बाजूंना गाळ्याच्या ०.३ पट, १.०८ मीटर सळी नेलीय. बीमची रुंदी २३० मिलिमीटर. एकूण सळी झाली जवळजवळ २.४ मीटरची: १० मिलिमीटर जाडीची, दर २०० मिलिमीटरला एक.

(दृश्य: काँक्रीट पडतंय. बूट घातलेले पाय सळ्यांवरून जातात.)

नकाशात सगळं ठीक असतं. बिघडतं ते इथं. बीममध्ये वरच्या सळ्या रिंगांनी धरलेल्या असतात, त्या सहसा जागा सोडत नाहीत. स्लॅबमधल्या सळ्यांना आधार फक्त चेअरचा, म्हणजे सळी वाकवून केलेल्या घोडीचा. चेअर कमी पडल्या, की कामगारांच्या पायाखाली ही रांग खाली बसते. ती ३० मिलिमीटर जरी बसली, तरी बीमवर स्लॅबची ताकद सुमारे एक तृतीयांशानं घटते. सळी तेवढीच, पैसे तेवढेच, फक्त जागा चुकली.

ती पार तळाला गेली तर बीमच्या रेषेत वरून तडा जातो आणि दोन्ही गाळे सुटे वागू लागतात. मग गाळ्यात ८.४ ऐवजी १४.९ चा जोर येतो, आणि तिथली खालची सळी तर ८.४ साठीच घातलेली! गच्चीवर बीमला समांतर, जवळपास सरळ चीर दिसली आणि पावसाळ्यात खाली बीमच्या कडेनं ओल उतरली, तर पहिला संशय वरच्या सळीवर घ्यावा. गच्चीच्या तड्याला दुसरी कारणंही असतात, पण ही जागा बोलकी आहे. नुसतं वॉटरप्रूफिंग करून ओल थांबेल, सळी काही वर येणार नाही.

बाल्कनीला तर आधार एकाच बाजूला, मधला गाळाच नसतो. तिथं वरची सळी बसली, की उरतं काय?

(दृश्य: प्लायवर टेकवलेला टेप.)

तपासणी टेपनं होते. सळीवर काँक्रीटचा २० मिलिमीटर थर, म्हणजे कव्हर, सोडायचं. म्हणून प्लायपासून वरच्या सळीच्या माथ्यापर्यंत १०५ मिलिमीटर भरायला हवेत. बीमलगत मामांनी टेप लावला. ८०.

"चेअर आणा रं आणखी! आन् चालायला फळ्या टाका," मामा ओरडले. काँक्रीटची घमेली थांबली. दोघांनी सळ्या उचलून धरल्या, तिसऱ्यानं खाली चेअर सारल्या. टेप पुन्हा लागला.

१०४.

"चालू द्या."