आरशातली खुर्ची

[दृश्य: एका बैठकीच्या खोलीचा फोटो. समोर भिंत, भिंतीवर मोठा आरसा, खाली चौकोनी फरशी. खोली रिकामी आहे.]

फोटो ग्राहकाने त्याच्या फोनवर काढलेला आहे. सुतारकाकांनी बनवलेली वेताची खुर्ची या खोलीत कशी दिसेल, एवढंच त्याला बघायचं होतं. खुर्ची अजून कारखान्यातच होती, म्हणून ती फोटोत ‘बसवायची’ होती. असली कामं मी रोज करतो. अर्ध्या तासात खुर्ची कापून घेतली, फरशीवर टेकवली, पायांखाली सावली दिली. मग लक्षात आलं की मागे आरसा आहे, आणि आरशात खुर्ची नाही.

[दृश्य: खुर्चीचा लेयर दुप्पट होतो, उलटतो, लहान होतो, आरशाच्या चौकटीत जाऊन बसतो.]

तेव्हा जवळजवळ सगळेच करतात ते मीही केलं. त्याच खुर्चीची कॉपी, `Flip Horizontal`, थोडी लहान, थोडी धूसर, आरशात. काकांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “खुर्चीचं तोंड आपल्याकडं आहे ना? मग आरशाकडं काय आहे?”

आरशाकडे खुर्चीची पाठ होती. आणि मी आरशात दाखवत होतो तिचं तोंड.

[दृश्य: दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी, समोरासमोर बसून गप्पा मारत असल्यासारख्या.]

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचं १४३४ सालचं एक चित्र आहे. एक जोडपं आपल्याकडे तोंड करून उभं आहे, मागच्या भिंतीवर छोटा बहिर्गोल आरसा आहे आणि त्या आरशात दोघांच्या पाठी रंगवलेल्या आहेत. सहाशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला जे दिसलं, ते मला संगणकासमोर बसून दिसलं नव्हतं. कारण साधं आहे. माझ्याकडे खुर्चीच्या पाठीचा फोटोच नव्हता, आणि नसलेली पाठ कुठलंही बटण दाबून येत नाही.

मग पाठीचा फोटो काढायचा. पण कुठून?

[दृश्य: वरून बघितलेली खोली, खडूने काढलेली. भिंत म्हणजे एक रेघ. रेघेच्या अलीकडे खुर्ची आणि कॅमेरा.]

आरशात जे दिसतं, ते आरशामागे तेवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याला दिसेल तेच असतं, फक्त डावं-उजवं उलटलेलं. खरा कॅमेरा भिंतीपासून चार मीटर अलीकडे असेल, तर हा दुसरा कॅमेरा भिंतीच्या चार मीटर पलीकडे, त्याच उंचीवर, नेमका समोरासमोर. प्रत्यक्षात तिथे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर असेल, ते सोडून द्या. त्या जागेवरून खुर्ची कशी दिसते ते कळलं, की अंदाजाने काही फिरवावं लागत नाही.

म्हणजे आधी खरा कॅमेरा कुठे होता, ते शोधायला हवं. ग्राहकाला विचारलं तर तो म्हणाला, “दाराजवळ कुठंतरी.” हे उत्तर पुरेसं नाही. पण फोटोच ते सांगतो.

[दृश्य: फरशीचे सांधे लाल रेघांनी लांबवले जातात आणि एका बिंदूत मिळतात.]

भिंतीकडे काटकोनात जाणारे फरशीचे सांधे लांबवत न्या. सगळे एकाच बिंदूत मिळतात. कॅमेऱ्यातून निघून भिंतीवर अगदी सरळ आपटणारी नजर जिथे पोचते, तो हा बिंदू. आरसा त्या बिंदूपर्यंत पोचत असता, तर फोटो काढणारा स्वतः तिथे दिसला असता. आमच्या फोटोत तो बिंदू आरशाच्या बाहेर पडला, उजव्या कडेपासून आरशाच्या पाव रुंदीइतका दूर. आरसा १२० सेंटीमीटर रुंद, म्हणजे बिंदू ३० सेंटीमीटर बाहेर. उंचीने मात्र तो आरशाच्या बरोबर मध्यावर आला. आरसा जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर सुरू होऊन १८० वर संपतो, तेव्हा कॅमेरा होता १२० सेंटीमीटर उंचीवर. ग्राहकाने फोन छातीशी धरला होता.

राहिलं अंतर. फरशी ६० सेंटीमीटरची आहे. भिंतीला टेकलेली फरशीची कड फोटोत २१० पिक्सेल रुंद भरली. तिथून दोन फरश्या अलीकडची कड ३०० पिक्सेल. लांबची कड जवळच्या कडेच्या ७० टक्के दिसते, म्हणजे या १२० सेंटीमीटरांनी अंतराचा ३० टक्के भाग खाल्ला. पूर्ण अंतर चार मीटर. हा हिशेब चालतो, कारण फोन भिंतीकडे सरळ रोखलेला होता आणि भिंतीला समांतर सांधे फोटोत आडवे दिसत होते. ते तिरके दिसले असते, तर आधी तो तिरकेपणा मोजावा लागला असता.

[दृश्य: सकाळ. कारखान्याची गच्ची. खडू, दोरी, गुण्या.]

आता गच्चीवर. खोलीत भिंत आडवी येते, इथे येत नाही. खडूची एक लांब रेघ मारली, तोच आमचा आरसा. काकांनी त्या रेघेला काटकोनात आठ मीटरची दोरी ताणली, बरोबर मध्यावर रेघ ओलांडणारी. गुण्या लहान पडतो, म्हणून त्यांनी तीन-चार-पाच मापांच्या त्रिकोणाने काटकोन धरला. त्यांच्या धंद्यात हे रोजचं आहे. दोरीच्या एका टोकाला पहिला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला दुसरा. खरं तर कॅमेरा एकच आहे, ट्रायपॉड उचलून तिकडे न्यायचा. दोन्हीकडे भिंगाची उंची १२० सेंटीमीटर आणि रोख दोरीच्या दिशेने सरळ.

खुर्चीचा मध्य रेघेपासून एक मीटर अलीकडे आणि पहिल्या कॅमेऱ्याकडून बघताना दोरीच्या ९० सेंटीमीटर डावीकडे. ग्राहकाला ती तिथेच ठेवायची होती. खुर्चीचं तोंड पहिल्या कॅमेऱ्याच्या बाजूला. शिवाय पाठीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर मी एक पंचा टाकला. तो का, ते पुढे कळेल.

[दृश्य: पहिला फोटो. मग ट्रायपॉड उचलून रेघेच्या पलीकडे. दुसरा फोटो.]

इथे एक मोह होतो. कॅमेरा जागेवर ठेवावा आणि खुर्चीच फिरवावी. या मांडणीत तिला साधारण १५३ अंश फिरवून मागे सरकवली, की तीच बाजू दिसते. पूर्ण १८० नाही, कारण दोन्ही कॅमेरे तिच्याकडे एकाच अंगाने, थोडे तिरके बघतात: पुढचा सुमारे १७ अंशांनी, मागचा १० अंशांनी. पण खुर्ची फिरवली की तिच्यावरचा उजेडही फिरतो. डाव्या हातावर पडणारा प्रकाश उजव्या हातावर येतो आणि प्रतिबिंबात खिडकी भलत्याच भिंतीत असल्यासारखं वाटतं. म्हणून खुर्ची हलवायची नाही, आपण हलायचं. जिन्याच्या खोलीच्या सावलीत, उघडं आकाश डाव्या हाताला ठेवून, दोन्ही फोटो पाच मिनिटांच्या आत काढले. ग्राहकाच्या खोलीतही खिडकी डावीकडेच आहे.

[दृश्य: संगणकाचा पडदा.]

माझा कॅमेरा आणि ग्राहकाचा फोन वेगळे, त्यामुळे मापं जुळवावी लागतात. त्यासाठी खडूच्या रेघेवर ६० सेंटीमीटरची लाकडी पट्टी ठेवली होती. पहिल्या फोटोत ती ५६० पिक्सेल आली, खोलीतली फरशी २१०. म्हणून फोटो ३७.५ टक्क्यांवर आणायचा. आणि हे महत्त्वाचं: दुसरा फोटोही तेवढ्याच टक्क्यांवर, एक पिक्सेलही वेगळा नाही. प्रतिबिंब लहान व्हायला हवं ना, म्हणून हात शिवशिवतात. पण ते आधीच लहान आहे, कारण दुसरा कॅमेरा खुर्चीपासून पाच मीटरवर होता आणि पहिला तीन.

मग दुसऱ्या फोटोची पूर्ण चौकट उलटवायची. खुर्ची कापून मग उलटवली, तर तिची जागा हरवते. फोटोशॉपमध्ये `Edit > Transform > Flip Horizontal`, गिंपमध्ये `Layer > Transform > Flip Horizontally`. उलटलेल्या चौकटीचा मध्य मघाच्या त्या बिंदूवर ठेवला, आरशाच्या काचेपुरता मास्क लावला, खुर्चीभोवतीची गच्ची पुसली. खुर्ची आपोआप जागेवर आली.

आणि ती जागा माझ्या पहिल्या जागेच्या जवळपासही नव्हती.

[दृश्य: जुनं आणि नवं चित्र एकावर एक.]

मी प्रतिबिंब खुर्चीच्या थेट मागे ठेवलं होतं, पूर्ण, चारही पायांसकट. खरं प्रतिबिंब उजवीकडे सरकलेलं आहे आणि त्याला पाय नाहीतच. आरशाची खालची कड जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे. तिच्यावरून जाणारी नजर पलीकडच्या खुर्चीला बैठकीच्या आसपास भेटते. त्याखालचं काहीच दिसत नाही. आरसा ९५ सेंटीमीटरच्या वर टांगलेला असता, तर खुर्ची आरशात अजिबात दिसली नसती आणि हा सगळा खटाटोप वाचला असता. काम हातात घेण्याआधी मी आता हे बघतो.

आता पंचा. फोटोत तो खुर्चीच्या उजव्या कोपऱ्यावर आहे. आरशातही उजवीकडेच आहे. समोरच्या भिंतीवरचा आरसा उजवं डावीकडे नेत नाही, तो पुढचं मागे नेतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात पंचा असता, तर तो आरशात डावीकडे गेला असता आणि चूक लहान मुलानेही पकडली असती. काम झाल्यावर दोन्ही फोटोंतून पंचा काढून टाकायचा, किंवा शोभत असेल तर राहू द्यायचा.

[दृश्य: खुर्चीच्या कोपऱ्यांवरून निघणाऱ्या पिवळ्या रेघा.]

दुसरी तपासणी रेघांची. खुर्चीचा कुठलाही कोपरा आणि आरशातला तोच कोपरा जोडा, रेघ पुढे न्या. प्रत्येक रेघ मघाच्याच बिंदूत जायला हवी. एक जरी चुकली, तरी काहीतरी सरकलंय. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायलाही हीच रेघ वापरतो. (ही सवय लागली की घरांच्या जाहिराती बघणं अवघड होतं.)

वस्तू समई असती, तर गच्चीवर जायची गरज नव्हती. समई सगळ्या बाजूंनी सारखीच. रेघ मारून जागा काढायची, तीनास पाच या प्रमाणात लहान करायची, झालं. तिथेही एक बारकावा आहे: वरची तबकडी आरशात जास्त चपटी दिसते, कारण लांबून नजर तिच्यावर कमी उतरती पडते.

[दृश्य: तयार चित्र. हळूहळू आरशाकडे जवळ जातं.]

शेवटी काच. घरातल्या आरशाचा चकचकीत थर काचेच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे प्रतिबिंबाचा उजेड जरा कमी आणि रंग किंचित हिरवट होतो. किती, ते आरशात आधीपासून दिसणाऱ्या पांढऱ्या भिंतीवरून जुळवलं. आणि खऱ्या खुर्चीचा लेयर सगळ्यात वर ठेवला, कारण तिच्या पाठीचा उजवा भाग प्रतिबिंबाचा डावा काठ थोडासा झाकतो.

काकांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी खुर्चीकडे बघितलंच नाही. आरशातल्या पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं पॉलिश राहिलंय.”