गार इंजिन, गरम इंजिन आणि तेलाची पट्टी

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. माझं गॅरेज नाना पेठेत. तिथे दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं, तेव्हा माईक थोडा लांबच ठेवतो.

आज डिपस्टिक या एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. आमच्याकडे तिला पट्टी म्हणतात, काही जण गेज म्हणतात. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला पिवळी किंवा नारिंगी कडी दिसते, ती तिची मूठ. ही पट्टी मी गेल्या महिन्यात माझ्याच गाडीची तीन वेळा वाचली आणि तीन वेगवेगळे आकडे आले. तेल तेच होतं, एक थेंबही घातला नाही की काढला नाही. तीन आकडे का आले, ते आधी सांगतो.

माझ्या गाडीत फिल्टर धरून साडेतीन लिटर तेल मावतं. पट्टीच्या टोकाला दोन खुणा आहेत, खाली मिन आणि वर मॅक्स. दोन्हींत २० मिलिमीटर अंतर आहे. मिनपासून मॅक्सपर्यंत जायला एक लिटर लागतं, हे मी मोजून घातलेलं आहे. म्हणजे पट्टीवरचा एक मिलिमीटर हा साधारण ५० मिली तेलाचा. पुष्कळ मोटारींत हे अंतर लिटरभराचंच असतं, छोट्या इंजिनांत थोडं कमी. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली सापडेल.

आता ते तीन आकडे. सकाळी सहाला, गाडी रात्रभर सपाट पार्किंगमध्ये उभी असताना, तेल मिनच्या वर १० मिलिमीटर होतं. म्हणजे बरोबर मध्यावर. मग गाडी तासभर फिरवली, चांगली गरम केली, त्याच जागी आणून बंद केली आणि अर्ध्या मिनिटात पट्टी ओढली. तेल आलं ५ मिलिमीटर. पट्टी पुसून ठेवली, दहा मिनिटं चहा घेतला, पुन्हा ओढली. तेल १३ मिलिमीटर!

यात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध काम करत असतात. इंजिन चालू असताना सगळं तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, नसतं. पंप ते उचलून वर हेडमध्ये, कॅमशाफ्टवर, बारीक वाटांमधून सगळीकडे फिरवत असतो. इंजिन बंद केलं की ते ओघळत खाली येतं, पण त्याला वेळ लागतो. कढईतलं तेल बरणीत उपडं करून ठेवलं की कसं बराच वेळ थेंब थेंब गळत राहतं, तसंच. माझ्या गाडीत त्या अर्ध्या मिनिटाला साधारण ४०० मिली तेल अजून वरच अडकलेलं होतं. पट्टीवर ते ८ मिलिमीटर भरतं.

दुसरी गोष्ट, तेल तापलं की फुगतं. दर दहा अंशांना साधारण पाऊण टक्का धरा. सकाळच्या पंचवीस अंशांवरून नव्वद-पंचाण्णवला गेलं की पाच टक्क्यांच्या आसपास. पट्टी मध्यावर असताना गाडीत तीन लिटर तेल असतं, त्यावर तो फरक साधारण दीडशे मिली, म्हणजे ३ मिलिमीटर. आता हिशेब जुळवा. मध्य १०, फुगण्याचे ३ वाढले, अडकलेल्याचे ८ गेले, राहिले ५. दहा मिनिटांनी अडकलेलं खाली आलं, फुगलेलं मात्र फुगलेलंच राहिलं, म्हणून १३.

मग खरा आकडा कुठला? कंपनीने खुणा ज्या स्थितीसाठी आखल्यात, तो खरा. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये लिहितात की इंजिन गार असताना, सुरू करण्याआधी बघा. काही लिहितात की गरम करा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग बघा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. थांबायची मिनिटं मात्र जिची तिची पाळायची. ‘गरम’वाली पट्टी तुम्ही सकाळी गार वाचलीत तर तेल दोन-तीन मिलिमीटर कमी दिसणार. तेवढ्यासाठी तेल ओतायला धावू नका. मॅन्युअल हाताशी नसेल तर सकाळी, सपाटीवर, गाडी सुरू करण्याआधी बघा आणि दर वेळी तसंच बघा.

सपाटीचं म्हणाल तर आपल्या पुण्यात ती शोधावी लागते. वारज्याच्या, बाणेरच्या टेकडीकडच्या सोसायट्यांत पार्किंगचा रॅम्पच असतो. गाडीचं नाक खाली असेल तर चेंबरमधलं तेल पुढे सरकतं, आणि पट्टी ज्या बाजूला आहे त्याप्रमाणे कमी किंवा जास्त दाखवते. इथे हॉलबाहेर रस्त्यावर ज्यांच्या गाड्या उतारावर उभ्या आहेत, त्यांनी कृपा करून आज बघू नका.

हे न कळल्याने काय होतं, ते माझ्या मेहुण्यांकडे बघून सांगतो. ते आमच्याकडून सकाळी साताऱ्याला निघाले. निघण्याआधी मी स्वतः पट्टी बघितली होती, तेल मध्यावर होतं. वाटेत ते एका पंपावर पेट्रोल भरायला थांबले. तिथल्या पोराने आपणहून बॉनेट उघडायला लावलं, पट्टी ओढली, पुसली, परत घातली, ओढली आणि दाखवली. तेल मिनच्या रेषेवर. ‘साहेब, ऑइल संपत आलंय, इंजिन जाम होईल.’ मेहुणे घाबरले आणि एक लिटरचा डबा त्यात रिकामा केला.

आता तुम्हाला हिशेब येतो. गाडी आत्ताच बंद झालेली, म्हणजे ५ मिलिमीटर तर दिसणारच होतं. उरलेले ५ कुठे गेले? त्या पोराने पट्टी पुरती आत दाबलीच नव्हती. मूठ नळीवर टेकायला अर्धा सेंटिमीटर बाकी ठेवला की तेल अर्धा सेंटिमीटर कमी दिसतं. चलाखी होती की घाई, मला माहीत नाही. पट्टी घालताना ती शेवटी अडते, तेव्हा बोटाला कळतं. ते कळेपर्यंत दाबायची, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून फोन आला. सकाळी गार इंजिनावर तेल मॅक्सच्या वर एक सेंटिमीटर होतं. मिनच्या वर अर्धा लिटर आधी होतं, त्यात एक घातलं, झालं दीड. मॅक्सला एक लिटर, म्हणजे अर्धा लिटर जास्त. ‘थोडं जास्त असलं तर काय बिघडतं?’ असं मेहुण्यांनी विचारलं. बिघडतं. पातळी इतकी चढली की पिस्टनखालचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, तेलात आपटायला लागतो आणि तेलाचा फेस होतो. फेस म्हणजे निम्मी हवाच. पंप ती हवा ओढतो आणि बेअरिंगला तेलाचा दाब मिळत नाही. तेल जास्त असून इंजिन उपाशी राहतं! शिवाय इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून तेल हवेच्या वाटेत, इनटेकमध्ये, जातं, मागून निळसर धूर येतो, सीलमधून गळतीही सुरू होते. मॅक्सच्या वर दोन मिलिमीटर असेल तर मी डोळेझाक करेन. एक सेंटिमीटर असेल तर गाडी चालवू देणार नाही.

मग तिथल्या मेकॅनिकने पट्टीच्या नळीतून बारीक लवचिक नळी आत सोडली आणि ६० मिलीच्या सिरिंजने आठ वेळा तेल खेचलं. आठ साठे चारशे ऐंशी. इंजिन जरा कोमट करून घेतलं होतं, नाहीतर गार तेल सिरिंजमध्ये चढता चढत नाही. मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा वाचलं.

खालच्या खुणेबद्दलही एक गैरसमज असतो. मिन म्हणजे तेल संपलं असं नव्हे. माझ्या गाडीत मिनवर असतानाही अडीच लिटर तेल शिल्लक असतं. दोन खुणांच्या मधे कुठेही असेल तर गाडी ठीक आहे, दर आठवड्याला मॅक्सपर्यंत चढवायची हौस नको. पण मिनच्या खाली गेलं की कात्रजच्या घाटात वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला जातं, गाळणीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा पितो. तेव्हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. तो दिवा तेलाच्या दाबाचा असतो. पातळी किती ते तो सांगत नाही. तो लुकलुकेपर्यंत थांबलात तर बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं.

वाचायचं कसं, तेही दाखवतो. ही पट्टी आणलीय. पहिल्यांदा ओढली की वाचायचीच नाही, कारण नळीच्या भिंतीवरचं तेल तिला माखलेलं असतं. पुसायची. फडकं असं हवं की ज्याचा धागा सुटत नाही. पूर्ण घालायची, ओढायची आणि टोक खाली ठेवूनच धरायची. टोक वर केलंत की तेल मुठीकडे ओघळतं. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ओघळ वर गेलेला असतो, दुसरीकडे सलग सरळ रेष असते. खालची रेष धरा. तेल नुकतंच बदललेलं असेल तर ते इतकं पारदर्शक असतं की दिसतच नाही. तेव्हा पट्टी पांढऱ्या कागदावर हलकेच टेकवा, डाग कुठून सुरू होतो ते कळतं.

एका काकांनी विचारलंय की त्यांच्या डिझेल गाडीचं तेल न घालताच वाढलंय. काका, गाडी २०२० नंतरची आहे ना? आणि कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरते? मग असं असू शकतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल पिस्टनच्या रिंगांच्या कडेने उतरून तेलात मिसळतं. पट्टी चढते, तेल पातळ होतं. इथे सिरिंजने काढून भागत नाही, तेलच बदलायचं. पट्टीचा वास घ्या, डिझेलचा येतो. तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर मात्र त्यात कूलंट मिसळलेलं असू शकतं. गाडी सुरूच करू नका, मला फोन करा.

आणि त्या मागच्या रांगेतल्या ताई, तुमच्या स्कूटरची पट्टी तेलाच्या झाकणालाच जोडलेली असते. मधल्या स्टँडवर उभी करायची, बाजूच्या नाही. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. झाकण काढून पुसा आणि परत ठेवा. पुष्कळ स्कूटरमध्ये ते फिरवून घट्ट करायचं नसतं, नुसतं आट्यांवर टेकवायचं असतं. घट्ट केलंत तर पट्टी जास्त खोल जाते आणि कमी असलेलं तेल भरपूर दिसतं. काहींमध्ये उलटं असतं, घट्ट करूनच वाचायचं. तुमची कुठली आहे? बाहेरच उभी आहे ना? चला, तिचीच बघू. मधला स्टँड लावायला कोणीतरी हात द्या.