पैसा पाच कोटी, कामं नऊ कोटी चाळीस लाखांची

भांडवल अपुरं पडतं तेव्हा नेमकं काय करायचं, एवढाच आजचा विषय. प्रकल्प तोट्याचा असेल तर निर्णय सोपा असतो, नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पंचाईत होते ती सगळेच प्रकल्प चांगले असताना.

समजा, हिंगणा एमआयडीसीत संत्र्यावर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे. मालकांकडे यंदा गुंतवायला 500 लाख आहेत. बँक आणखी द्यायला तयार नाही आणि भागीदार बाहेरून घ्यायचा नाही. टेबलावर पाच प्रस्ताव आहेत. शीतगृहाला 400 लाख लागतात आणि त्याचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, 100 लाख आहे. रस घट्ट करण्याच्या युनिटला 250 लाख, एनपीव्ही 75. फळं धुऊन, मेण लावून प्रतवारी करणाऱ्या लाइनला 150 लाख, एनपीव्ही 60. छतावरच्या सोलरला 100 लाख, एनपीव्ही 28. पॅकिंग मशीनला 40 लाख, एनपीव्ही 20. आकडे मी तुमच्यासाठी गोल केलेत.

एनपीव्ही कुठून आला, ते एकदाच पाहू. प्रतवारी लाइन आठ वर्षं दरसाल सुमारे 45.27 लाख रोख मिळवून देईल असा अंदाज आहे. 14 टक्के दराने ते आजच्या किमतीत आणले की 210 लाख होतात. त्यातून 150 वजा केले की उरले 60.

आता मालकांचा पहिला कल असा की सगळ्यात मोठा एनपीव्ही शीतगृहाचा, तर तेच घ्या. घेतलं. उरलेल्या 100 लाखांत सोलर बसलं. एकूण एनपीव्ही 128 लाख. ऐकायला बरं वाटतं, पण शीतगृह 400 लाख अडवून बसलंय हे विसरू नका. तुटवडा पैशाचा आहे, म्हणून प्रश्न असा विचारायचा की गुंतवलेला एकेक रुपया किती परत आणतो.

नफाक्षमता निर्देशांक, म्हणजे पीआय, हेच मोजतो. येणाऱ्या रकमांचं वर्तमान मूल्य भागिले सुरुवातीची गुंतवणूक. प्रतवारी लाइनचा पीआय 210 भागिले 150, म्हणजे 1.40. पॅकिंगचा 1.50, रस युनिटचा 1.30, सोलरचा 1.28 आणि शीतगृहाचा 1.25. एनपीव्हीत पहिलं आलेलं शीतगृह इथे शेवटी गेलं. (काही जण नुसता एनपीव्ही भागिले गुंतवणूक करतात आणि त्यालाही पीआय म्हणतात. क्रम तोच येतो, पण दोन सल्लागारांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी तेवढं विचारून घ्या.)

या क्रमाने पॅकिंग, प्रतवारी आणि रस युनिट घेतलं तर 440 लाख लागतात आणि एनपीव्ही येतो 155. शीतगृहाच्या वाटेपेक्षा 27 लाख जास्त. पुस्तकातलं गणित इथे संपतं, पण आपले 60 लाख पडून आहेत आणि सोलरला 100 हवेत. मग पीआयमध्ये अव्वल असलेलं पॅकिंग मशीनच बाहेर काढून पाहा. प्रतवारी, रस युनिट आणि सोलर मिळून बरोबर 500 लाख, एनपीव्ही 163. पहिला नंबर वगळला आणि आठ लाख जास्त मिळाले! संत्र्याची पेटी भरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फळ कितीही उत्तम असलं तरी शेवटच्या थरात ते बसलं पाहिजे. प्रकल्पाचे तुकडे होत नसतील तर पीआयची यादी फक्त सुरुवात करून देते. खरं उत्तर जोड्या लावून पाहिल्यावरच सापडतं, आणि पाच प्रस्तावांसाठी ते अर्ध्या तासाचं काम आहे.

पण तुकडे खरंच होत नाहीत का? शीतगृह अर्धं बांधता येत नाही. सोलरचे पॅनेल मात्र कमी लावता येतात. 60 लाखांचंच सोलर लावलं आणि परतावा त्याच प्रमाणात राहिला, तर एनपीव्ही 16.8 लाख येतो. पॅकिंग परत आत येतं आणि बेरीज 171.8 होते. हा 'तर' तपासा. वायरिंग, इन्व्हर्टर, परवानग्या यांचा खर्च पॅनेलच्या संख्येइतका कमी होत नाही. तरी या 60 लाखांनी आठ लाखांहून जास्त एनपीव्ही दिला, तर ही जोडी 163 ला मागे टाकते.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पीआय एकाच वर्षाचा तुटवडा पाहतो. रस युनिट चालवायचं तर पुढच्या हंगामात आंबिया बहराची संत्री रोखीने उचलावी लागतील. समजा, त्यासाठी 90 लाख लागणार. हा खर्च रस युनिटच्या एनपीव्हीत धरलेला आहे, पण यंदाचे उरलेले पैसे पुढे नेता येत नसतील आणि पुढच्या वर्षी हातात फक्त 50 लाख असतील तर कागदावरचे ते 75 लाख मिळणारच नाहीत. दोन वर्षांच्या मर्यादा एकत्र आल्या की एका गुणोत्तराने क्रम लावता येत नाही. लोरी आणि सॅव्हेज या अभ्यासकांनी हा प्रश्न 1955 मध्येच मांडला. त्यासाठी लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे अनेक मर्यादांत बसणारी सर्वांत चांगली निवड शोधणारं गणित, वापरता येतं. आपल्याला इथे एक्सेल पुरतं. रस युनिट काढून पुन्हा जोड्या लावल्या की शीतगृह, पॅकिंग आणि 60 लाखांचं सोलर वर येतं, एनपीव्ही 136.8. मघाशी शेवटच्या नंबरावर ढकललेलं शीतगृह आता पहिल्या जोडीत आहे.