चौदा पानं आणि कलम १९

[टेबलावर करारनाम्याची पानं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर शिक्का.]

गाळ्याचा भाडेकरार. पानं चौदा, मुदत पाच वर्षं. वाचायचा आहे एका दुकानदाराला आणि सही त्याला उद्याच करायची आहे. पूर्वी तो शेवटचं पान उघडून सरळ सही करायचा. आता मोबाइलवर फोटो काढतो आणि एआयला विचारतो, ‘यात काही धोका आहे का?’

[मोबाइलच्या पडद्यावर पानाचा फोटो. एका आकड्यावर सावली.]

पहिली चूक इथे, फोटोतच होते. पान तिरकं आहे, शिक्का अक्षरांवर आलाय. लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्या काळात गाळा सोडता येत नाही तो, छापलाय ‘२४ महिने’. देवनागरी चार दिसतो इंग्रजी आठसारखा. पडद्यावर उमटतात अठ्ठावीस महिने. पुढचं सगळं विश्लेषण मग या अठ्ठावीसवर उभं राहतं, आणि ते वाचताना कुठेही खटकत नाही. म्हणून आधी एकच काम सांगायचं: करारातले सगळे आकडे आणि तारखा, पान क्रमांकासह, एका तक्त्यात मांड. तो तक्ता हातातल्या कागदाशी बोट ठेवून ताडायचा. हे दहा मिनिटांचं काम कुणी करत नाही. आधार क्रमांक, पासबुक वगैरेची पानं असतील तर ती फोटोतून वगळलेलीच बरी.

[कलम ६ वर पिवळा हायलायटर.]

आता प्रश्न. दुकानदार विचारतो, ‘लॉक-इन किती?’ उत्तर येतं, चोवीस महिने, दोघांनाही बंधनकारक, कलम ६. उत्तर बरोबर आहे. प्रश्न चुकला.

[पानं उलटतात. कलम १९.]

पाच पानं पुढे कलम १९ सुरू होतं ते असं: ‘कलम ६ मध्ये काहीही नमूद असले तरी’. आणि पुढे, मालकाला स्वतःच्या गरजेसाठी एक महिन्याच्या नोटिशीवर गाळा रिकामा करून घेता येईल. म्हणजे दुकानदार चोवीस महिने अडकलेला, मालक मात्र मोकळा. सुरुवातीचे हे सहा-सात शब्द करारातले सगळ्यात महाग शब्द असतात.

म्हणून असं विचारायचं: ‘मालक हा करार कोणकोणत्या मार्गांनी संपवू शकतो? प्रत्येक मार्गाचं कलम आणि मूळ वाक्य जसंच्या तसं दे. मग भाडेकरूसाठी तेच सांग.’ दोन याद्या शेजारी ठेवल्या की कलम १९ आपोआप वर येतं. एआयची खरी ताकद इथेच आहे, लांबलांबची कलमं एकमेकांसमोर उभी करण्यात. मात्र मूळ वाक्य मागितल्याशिवाय सारांशावर विसंबू नये. सारांशात ‘काहीही नमूद असले तरी’ सहज गळू शकतं.

[कॅल्क्युलेटर. मालकाची बोटं.]

मालकालाही हीच पद्धत उपयोगी. ‘दर वर्षी दहा टक्के वाढ’ एवढंच लिहिलंय. मूळ भाड्यावर की चालू भाड्यावर? भाडं १०० धरा. मूळ भाड्यावर वाढ धरली तर पाचव्या वर्षी १४०. चालू भाड्यावर धरली तर १४६.४१. विचारलं नाही, तर एआय यातला एक अर्थ गुपचूप धरून हिशेब मांडून देतं.

[वकिलाचं टेबल. करार बाजूला, दुसरीच फाइल उघडते.]

आणि वकील करार बाजूला ठेवतात. कारण पुढचे प्रश्न त्या चौदा पानांत नाहीतच. सही करणारा एकटाच मालक आहे, की भावाचाही हिस्सा आहे? मुखत्यारपत्रावर सही होत असेल, तर त्यात भाड्याने देण्याचा अधिकार लिहिलाय का? गाळा कर्जापोटी गहाण आहे का, आणि कर्ज देणाऱ्याची संमती? ‘परिशिष्ट ब प्रमाणे’ असं तीनदा लिहिलंय, पण परिशिष्ट ब जोडलंच नाही. हे एआय दाखवू शकतं. त्यात काय असायला हवं होतं, ते मात्र मालकाकडूनच मिळवावं लागतं.

त्याहून मोठी गोष्ट स्थानिक कायद्याची. एखादं कलम दोघांनी राजीखुशीने मान्य केलं, तरी त्या जागचा भाडे कायदा ते निष्प्रभ ठरवू शकतो. नोंदणी लागते का, मुद्रांक किती, हे जागेप्रमाणे बदलतं. एआय मात्र दुसऱ्याच प्रदेशाचा नियम तितक्याच ठामपणे सांगून जातं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फेडरल न्यायालयात वकिलांनी अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले होते. चॅटजीपीटीने रचलेले. दंड झाला पाच हजार डॉलर. तेव्हा एआयने दिलेला प्रत्येक कायदा-कलम आणि निवाडा वकिलाने मुळात उघडून बघायचा.

[बंद शटर. काही सेकंद शांतता.]

कलम १९ तसंच राहिलं, तर नोटीस येते आणि महिन्याभरात दुकान हलवावं लागतं.

[पेन. कलम १९ वर रेघ.]

वकिलांनी कलम १९ मधल्या पहिल्या सात शब्दांवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: ‘कलम ६ मधील मुदत संपल्यानंतरच’. एका महिन्याच्या जागी तीन. समासात दोघांच्या छोट्या सह्या, दोन्ही प्रतींवर.